‘आहे’ तेच ठेवले, तरी काळ बदलला

प्रश्न : ‘गवंडी भिंत बांधत आहे’ या वाक्याचा प्रयोग बदलताना मी ‘गवंड्याकडून भिंत बांधली गेली आहे’ असे लिहिले. दोन्हीकडे ‘आहे’ असूनही काळ बदलला म्हणून गुण कापले. असे का?

आपल्या परीक्षकांनी केलेली खूण बरोबर आहे, मात्र चूक कोठे झाली हे त्यांनी दाखवून द्यायला हवे होते. नवीन कर्मणी प्रयोगात कर्त्याला ‘कडून’ लागते, मूळ धातूचे ‘बांधली’ असे रूप होते आणि त्याला ‘जाणे’ हे सहायक क्रियापद जोडले जाते. यातील ‘बांधली’ भूतकाळी दिसत असले, तरी येथे ते काळ सांगत नाही; वर्तमान, भूत, भविष्य काहीही असो, ते तसेच राहते आणि कर्माप्रमाणे फक्त त्याचे लिंग व वचन बदलते. काळाचे सगळे ओझे ‘जाणे’ या धातूवर येते, आणि म्हणूनच एकटे ‘आहे’ जपून भागत नाही.

मूळ वाक्यातील ‘बांधत आहे’ हा अपूर्ण वर्तमानकाळ आहे, आणि तो ‘आहे’ व त्याआधीचा ‘त’ मिळून होतो. ‘बांध’ला लागलेला हा ‘त’ काढून ‘जा’ला लावला की ‘जात आहे’ मिळते. म्हणून योग्य उत्तर ‘गवंड्याकडून भिंत बांधली जात आहे’ असे होईल. आपण ‘जात’च्या जागी ‘गेली’ घातले, त्यामुळे तो पूर्ण वर्तमानकाळ झाला. मूळ वाक्यात गवंडी अजून विटा रचतो आहे, तर आपल्या वाक्यात भिंत उभी राहिलेली आहे.

उत्तर लिहून झाल्यावर ते उलट फिरवून पाहावे, असे मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. ‘बांधली गेली आहे’ उलट फिरवले, तर ‘गवंड्याने भिंत बांधली आहे’ हे वाक्य हाती येते. ते प्रश्नातले वाक्य नव्हे, हे तिथेच कळते. माझ्या पाहण्यात ही चूक बहुधा ‘बांधली’मुळेच होते: ते रूप लिहिताच हात आपोआप ‘गेली’कडे वळतो, कारण कानाला ही जोडी सवयीची असते.

हीच रीत इतर काळांनाही लागू पडते. ‘गवंडी भिंत बांधतो’ याचे ‘बांधली जाते’, ‘बांधेल’चे ‘बांधली जाईल’, आणि ‘गवंड्याने भिंत बांधली’ याचे ‘बांधली गेली’ होते. म्हणजे आपण लिहिलेले ‘गेली’ मूळ वाक्यात भूतकाळ किंवा पूर्ण काळ असतानाच शोभते. ‘बांधत होता’चे मात्र ‘बांधली जात होती’ होते, आणि तेथे ‘होता’चे ‘होती’ झालेले पाहून काळ बदलला असे समजू नये. ‘भिंत’ स्त्रीलिंगी असल्याने क्रियापद तिच्याप्रमाणे बदलले, काळ अपूर्ण भूतच राहिला.