मुलाच्या फ्लॅटवरचे कर्ज आणि वडिलांची सही

प्रश्न : माझा थोरला मुलगा नागपूरला खाजगी नोकरीत होता. 2021 मध्ये त्याने कर्ज काढून फ्लॅट घेतला. तीन महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेला. मृत्युपत्र नाही. मागे मी, माझी पत्नी, सून आणि सहा वर्षांची नात आहे. कर्जाच्या कागदावर सुनेचीही सही आहे. 21 लाख बाकी आहेत, दोन हप्ते थकले. फ्लॅट आज 30 लाखांना जाईल म्हणतात. बँकेचा माणूस गावात येऊन गेला. म्हणतो, पोराचा फ्लॅट तुम्हाला आला तर कर्जही तुमचंच. वडील म्हणून या कागदावर सही करा, नाही तर वावरावर बोजा चढवू. पाच एकर कोरडवाहू वावर माझ्या नावावर आहे. सही करू का?
— एक शेतकरी, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : सही करू नका. निदान खाली लिहिलेले दोन कागद हाती येईपर्यंत तरी नाहीच.

बँकेच्या माणसाचे पहिलेच वाक्य चुकीचे आहे, कारण तो फ्लॅट आपल्याला आलेलाच नाही. हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर हिंदू उत्तराधिकार कायदा 1956 च्या कलम 8 प्रमाणे त्याची मालमत्ता प्रथम वर्ग एकच्या वारसांकडे जाते. त्या वर्गात पत्नी, मुले, मुली आणि आई आहेत, वडील नाहीत. वडील वर्ग दोनमध्ये येतात आणि वर्ग एकमधील एकही वारस हयात असेल तर त्यांना काही मिळत नाही. म्हणजे आपल्या पत्नी, सून आणि नात यांचा प्रत्येकी एक तृतीयांश हिस्सा होतो आणि आपला हिस्सा शून्य. खेड्यात घरचा कर्ता म्हणून प्रत्येक कागदावर वडिलांची सही घेण्याची रीत आहे, वसुलीला येणारी माणसे तिचाच उपयोग करून घेतात. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. मात्र आपले कुटुंब अनुसूचित जमातीचे असेल तर तो सहसा लागू होत नाही, आणि मग वारसांचे हिस्से जमातीच्या रूढीप्रमाणे वेगळ्याने तपासावे लागतील.

हा हिशेब फ्लॅट एकट्या मुलाच्या नावावर आहे असे धरून केला आहे. नोंदणीकृत करारनाम्यात किंवा सूची क्रमांक दोनमध्ये, म्हणजे नोंदणी कार्यालयाच्या उताऱ्यात, सुनेचेही नाव खरेदीदार म्हणून असेल, तर तिचा स्वतःचा हिस्सा आधी बाजूला निघेल आणि मुलाच्या उरलेल्या हिश्श्याचेच तीन भाग पडतील. कर्जाच्या कागदावर सही असणे आणि फ्लॅटची मालकी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कळ ठिकाणी पत्नी सहकर्जदार असते, पण मालक नसते.

आता कर्ज कोणी फेडायचे ते पाहू. फ्लॅट बँकेकडे गहाण आहे आणि तो गहाणासकटच वारसांकडे आला आहे, त्यामुळे बँकेचा पहिला हक्क फ्लॅटवर कायम राहतो. त्यापलीकडे स्वतःच्या खिशातून देण्याची जबाबदारी कोणावर येते, हे नात्यावरून ठरत नाही. कोणी कशावर सही केली यावरून ठरते. सून सहकर्जदार असल्यामुळे बँक तिच्याकडून संपूर्ण 21 लाख मागू शकते, एक तृतीयांश नव्हे. आपल्या पत्नी आणि नात केवळ वारस आहेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 52 प्रमाणे वारसाकडून होणारी वसुली मृताकडून त्याच्या हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच मर्यादित असते. वारसाच्या स्वतःच्या मिळकतीला हात लावता येत नाही. बापाचे कर्ज मुलाने फेडलेच पाहिजे हे जुने धार्मिक कर्तव्यसुद्धा 2005 च्या दुरुस्तीनंतर नव्या कर्जांना लागू नाही. मुलाचे कर्ज बापाने फेडावे असे तर कायद्यात कधीच नव्हते.

या सगळ्याला एकच मोठा अपवाद आहे आणि तो आपण आजच तपासला पाहिजे. 2021 मध्ये कर्ज मंजूर होताना आपण जामीनदार म्हणून कुठे सही केली होती का? त्या काळी ‘ओळख म्हणून सही हवी’ एवढेच सांगितले गेले असेल आणि आपल्याला आठवतही नसेल. जामीनदार असाल तर करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे आपली जबाबदारी कर्जदाराइतकीच आहे आणि वर लिहिलेले संरक्षण आपल्याला मिळणार नाही. म्हणून पहिला कागद म्हणजे कर्जाचे मंजुरीपत्र व करार. सहकर्जदार या नात्याने सुनेने शाखेत लेखी अर्ज देऊन त्यांची प्रत मागावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. जामीनदाराच्या रकान्यात आपले नाव नसेल, तर बँकेने आणलेला नवा कागद ही आपल्याला नव्याने बांधून घेण्याचीच खटपट आहे. त्यावर ‘हमीपत्र’, ‘पुनर्रचना’ किंवा ‘कर्जदार बदल’ असे मथळे असतात. सही करताच आजवर नसलेली जबाबदारी आपण स्वतःहून अंगावर घेता. आपल्या पत्नींच्या अंगठ्यालाही हेच लागू आहे.

दुसरा कागद विम्याचा. गृहकर्ज देताना बँका बहुधा कर्जसंरक्षण विमा उतरवतात आणि त्याचा एकरकमी हप्ता कर्जातच मिळवतात, त्यामुळे घरच्यांना तो ठाऊक नसतो. कर्जखात्याच्या उताऱ्यातील अगदी सुरुवातीच्या नोंदी पाहाव्यात. फ्लॅटच्या रकमेखेरीज एखादी किरकोळ रक्कम विमा कंपनीच्या नावे गेलेली दिसली तर विमा आहे असे समजावे. सुनेने बँकेला आणि विमा कंपनीला लेखी कळवून मृत्यूचा दाखला व उपचाराची कागदपत्रे जोडून दावा दाखल करावा. वसुलीवाला विम्याबद्दल चकार शब्द काढत नाही, याचा अर्थ विमा नाही असा होत नाही. कंपनीने ‘आजार लपवला’ म्हणून दावा नाकारला, तर विमा कायद्याचे कलम 45 उपयोगी पडते, कारण पॉलिसीला तीन वर्षे झाल्यावर अशा कारणावरून तिच्यावर आक्षेप घेता येत नाही. आपल्या मुलाची पॉलिसी कर्जासोबतच घेतलेली असेल तर ती मुदत उलटली आहे. एक मर्यादा लक्षात ठेवावी : अशा पॉलिसीतील रक्कम ठरलेल्या तक्त्याप्रमाणे दरवर्षी घटते, म्हणून थकलेले हप्ते आणि त्यांवरील व्याज तिच्यातून पूर्ण भागेलच असे नाही.

आकड्यांत पाहिले तर फरक ध्यानात येईल. विम्यातून 21 लाख फिटले, तर 30 लाखांचा फ्लॅट मोकळा होऊन तिघींचे प्रत्येकी 10 लाखांचे हिस्से होतात. विमा नसेल आणि फ्लॅट विकला, तर बँकेचे 21 लाख देऊन उरलेल्या 9 लाखांतून प्रत्येकीला 3 लाख मिळतात. सुनेने फ्लॅट ठेवून सगळे कर्ज स्वतः फेडले, तरी आपल्या पत्नींचा हिस्सा जात नाही. पण त्यांच्या वाट्याचे 7 लाख त्यांनी सुनेला देणे लागतात, म्हणजे हिशेब पुन्हा 3 लाखांवरच येतो. पत्नींना हे नको असेल तर त्यांनी सुनेच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून मोकळे व्हावे, मात्र विम्याचा निकाल लागण्यापूर्वी नव्हे. आणि सुनेने उद्या दुसरे लग्न केले तरी तिचा हिस्सा जात नाही, हे तिच्या पाठीमागे चर्चा करणाऱ्यांना सांगून ठेवावे.

समजा भाव पडला आणि लिलावात 18 लाखच आले, तर राहिलेले 3 लाख बँक सुनेकडून मागेल. आपल्या पत्नींकडून मागायचे असतील तर मुलाची आणखी कोणती मालमत्ता त्यांच्या हाती आली ते बँकेला दाखवावे लागेल. मुलाच्या नावावर स्वतंत्र शेती किंवा बँकेत ठेव असेल तर ती वसुलीच्या कक्षेत येते. भविष्य निर्वाह निधीतून नामनिर्देशित व्यक्तीला मिळालेली रक्कम मात्र मृताच्या कर्जासाठी घेता येत नाही.

वावरावरच्या बोजाची धमकी पोकळ आहे. आपण जामीनदार नाही आणि जमीन गहाण दिलेली नाही, तर आपल्या सातबाऱ्यावर बोजा नोंदवायला काहीच आधार नाही. दिवाणी दावा न लावता गहाण मालमत्तेवर वसुली करण्याचा अधिकार बँकांना देणाऱ्या सरफेसी कायद्याने होणारी जप्ती तर शेतजमिनीला कलम 31 प्रमाणे लागूच होत नाही. तरीही महिन्याभराने सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ रकाना पाहून घ्यावा, आणि फेरफाराची नोटीस आली तर तीत दिलेल्या मुदतीत तलाठ्याकडे लेखी हरकत देऊन पोच ठेवावी. जामीनदार निघालात तर मात्र न्यायालयाचा किंवा न्यायाधिकरणाचा आदेश मिळवून बँक आपल्या जमिनीपर्यंत येऊ शकते, हेही स्पष्ट सांगतो.

फ्लॅटच्या बाबतीत मात्र वेळ थोडा आहे. हप्ता 90 दिवसांहून अधिक थकला की खाते अनुत्पादक, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत, ठरते. त्यानंतर सरफेसी कायद्याच्या कलम 13(2) ची 60 दिवसांची नोटीस येते, आणि त्या मुदतीत थकबाकी फिटली नाही तर बँक ताबा घेऊन लिलाव करू शकते. नोटिशीला लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावे लागते. विम्याचा दावा प्रलंबित असल्याचे त्या हरकतीत अवश्य लिहावे. ताबा घेतल्यावर 45 दिवसांत नागपूरच्या कर्जवसुली न्यायाधिकरणात दाद मागता येते. पण दावा प्रलंबित आहे म्हणून हप्ते आपोआप थांबत नाहीत. तेव्हा सुनेने जमेल तर एक तरी हप्ता भरून खाते 90 दिवसांच्या आत ठेवावे. आपण मदत म्हणून तिच्या खात्यात पैसे टाकले, तर त्याने आपण कर्जदार होत नाही. ते सहीनेच होते.

विकायचेच ठरले तर लिलावाची वाट न पाहता स्वतः विकलेले बरे, कारण लिलावात भाव सहसा कमी येतो. त्यासाठी बँकेकडून कर्जबाकीचे पत्र घ्यावे आणि खरेदीदाराने तेवढी रक्कम थेट कर्जखात्यात भरावी. बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. नात अज्ञान असल्याने तिचा हिस्सा विकण्यापूर्वी सुनेला हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम 8 खाली न्यायालयाची परवानगी घ्यावी लागेल, आणि ती मिळायला काही महिने जातात. म्हणून अर्ज खरेदीदार ठरताच द्यावा, इसार घेऊन झाल्यावर नव्हे. कर्ज फिटल्यावर मूळ कागदपत्रे 30 दिवसांत परत देणे रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बंधनकारक आहे. बँकेच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मिळते. कर्जदार वारला असल्यास वारसांना कागदपत्रे कशी परत करायची याची पद्धतही प्रत्येक बँकेने ठरवून ठेवलेली असली पाहिजे, ती शाखेत लेखी मागावी.