दादाला ‘आवडता रंग’ विचारू नका

प्रश्न: वहिनीनं मला दहावीपासून पोटच्या लेकरासारखं सांभाळलं. दीड महिन्यानं तिचा पन्नासावा वाढदिवस आहे, तिला पैठणी द्यायची आहे. तिला आधी कळू द्यायचं नाही. दादाला विचारलं तर म्हणतो, ‘तिला काहीबी चालतं.’ तिची जिवलग मैत्रीण शेजारीच राहते, पण तिच्या पोटात काही राहत नाही. कुणाला काय विचारू? (नांदेड)

उत्तर:

छत्रपती संभाजीनगरात साड्यांच्या काउंटरवर मी चौदा वर्षं काढली. घरच्यांना विचारून आलेली माणसं रोज समोर बसायची आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी आणलेली माहिती चुकीची असायची. माहिती देणाऱ्या माणसाचा त्यात दोष नसायचा. प्रश्नच असा केलेला असायचा की त्याचं खरं उत्तर त्याच्यापाशी नव्हतं.

मी स्वतः तेच केलं होतं. आमच्या अक्कासाठी साडी घ्यायची म्हणून दाजींना फोनवर विचारलं, अक्काला कोणता रंग आवडतो? दाजी लगेच म्हणाले, ‘हिरवाच की. लय वेळा हिरव्यातच असते ती.’ मी हिरवी पैठणी घेतली. अक्कानं ती कपाटात ठेवली तेव्हा तिथं आधीच चार हिरव्या होत्या. आपल्याकडं लग्नात हिरवा शालू, डोहाळजेवणाला हिरवी साडी, ओटी भरताना हिरवं खण-पातळ. ते हिरवं सगळं लोकांनी दिलेलं होतं आणि दिलंय म्हणून ती नेसायची. दाजींनी खोटं सांगितलं नाही, त्यांनी डोळ्यांना दिसलेलं सांगितलं. मी ते आवड म्हणून धरलं, तिथं चुकलं.

तेव्हापासून नवऱ्याला ‘काय आवडतं’ हे मी कुणाला विचारू देत नाही. आवड हा अंदाज असतो. अंदाज करता आला नाही की नवरा सरळ म्हणतो, ‘थांब, तिलाच विचारून सांगतो.’ गुपित फुटायची सगळ्यांत मोठी वाट हीच आहे, मैत्रिणीची चुगली नव्हे. म्हणून दादाला विचाराल तो प्रत्येक प्रश्न असा हवा की त्याचं उत्तर त्याला जागेवर आठवेल किंवा कपाट उघडून दिसेल, तिच्याकडं जायची गरजच पडणार नाही. फोन सुरू करतानाच सांगा, ‘दादा, नसलं आठवत तर नाही म्हण, वहिनीला मात्र विचारू नको.’ भेट द्यायची आहे हे दादाला उघड सांगा. त्याच्याशी आडवळणानं बोललात तर तो गोंधळेल आणि रात्री जेवताना वहिनीलाच म्हणेल, हा आज काहीतरी साड्यांचं विचारायलता.

फोन दादा कामावर असताना करा. घरी असताना नको, कारण आपल्याकडं फोन स्पीकरवर ठेवून बोलायची सवय असते.

विचारायचं ते असं. गेल्या वर्षभरात कुणाच्या लग्नाला, पूजेला गेलात, आणि तिथं तिनं कोणती साडी नेसली होती? रंगाचं नाव त्याला येणार नाही, पण लग्न कुणाचं होतं ते येईल, आणि त्या लग्नाचे फोटो त्याच्या फोनमध्ये असतील. दोन-तीन समारंभांचे फोटो मागा. तीच साडी दोनदा दिसली तर ती तिची आवडती साडी. मग वहिनी बाहेर गेलेली असताना त्याला रेशमी साड्यांचा कप्पा उघडून एक फोटो काढायला सांगा, दिवसा आणि खिडकी उघडून. ट्यूबलाइटखाली जांभळा निळा दिसतो आणि डाळिंबी तपकिरी. फोटो तुम्हाला पाठवला की गॅलरीतून आणि चॅटमधून, दोन्हीकडून काढून टाकायला सांगा. वहिनी त्याचा फोन हातात घेतच असणार.

त्या फोटोत नुसते रंग बघू नका. सर्वांत वर कोणती आहे आणि तळाशी कोणती, ते बघा. मग दादाला म्हणा, वरची एक आणि तळाची एक काढ, खालची आतली कड उलटून बघ. फॉल लावलाय का? लावला असेल तर मळलाय का? खांद्याच्या जागी पदराला पिनेची बारीक भोकं आहेत का? मळकट फॉल आणि पिनेची भोकं म्हणजे साडी अंगावर गेलेली. फॉलच लावलेला नाही आणि दुकानातली घडी तशीच आहे, म्हणजे ती साडी कुणीतरी दिली आणि ती पडून राहिली. शेवटी त्याला काठावर बोटं ठेवायला सांगा: नेसलेल्या साडीचा काठ किती बोटं, पडून राहिलेल्या साडीचा किती? आमच्या काउंटरवर सर्वांत जास्त कामाला आलेलं उत्तर हेच. पुरुषाला ‘नारळी काठ’ सांगता येत नाही, ‘चार बोटं’ सांगता येतं.

दोन गोष्टी मात्र थेट विचारून घ्या. घरात वर्षाच्या आत कुणी गेलेलं आहे का? काही घरांत वर्षश्राद्धापर्यंत नवं भारी नेसत नाहीत. आणि रेशीम चालतं ना? जैन घरांमध्ये काही बायका रेशीम वापरत नाहीत.

आता मैत्रीण. तिच्या पोटात राहत नाही हे तुम्हाला माहीत आहे, तर तिला भेटीचं सांगूच नका. तुम्ही स्वतःही विचारू नका. पुरुषानं साडीबद्दल विचारलं की दुसऱ्या मिनिटाला संशय येतो. तुमची बायको, नाहीतर बहीण, जी कुणी तिच्याशी नेहमी बोलते, तिनं विचारावं. आणि वहिनीबद्दल नाही, खरेदीबद्दल विचारावं: ‘तुम्ही दोघी मागं लग्नाच्या साड्या घ्यायला गेला होतात ना, कुठं गेलात? काय काय बघितलं?’ यात खोटं काही बोलावं लागत नाही. साडीखरेदीची गोष्ट कुणीही पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगतं. त्या गोष्टीत एक जागा ऐकायची: वहिनीनं कोणती साडी हातात घेतली, अंगावर लावून बघितली आणि परत ठेवली? तिथं हळूच एवढंच, ‘मग का नाही घेतली?’

ते कारण फार मोलाचं. ‘महाग होती’ म्हणून ठेवली असेल तर तुमचं काम झालं, तीच शोधा. ‘जड वाटली’, ‘गरम होतं’ असं असेल तर कितीही आवडलेली दिसो, ती घेऊ नका. आणि मैत्रीण म्हणाली ‘मी असते तर घेतली असती’, तर ती तिची स्वतःची आवड, वहिनीची नव्हे. मैत्रिणींच्या उत्तरांत ही भेसळ हमखास असते.

एक उदाहरण सांगते. अंबाजोगाईहून एक भाऊ आला होता, शिक्षिका असलेल्या थोरल्या बहिणीसाठी. बजेट पंधरा हजार. आल्या आल्या म्हणाला, ‘मोठा मोर असलेली भारी दाखवा.’ दाजींना विचारलं होतं, उत्तर तेच, ‘काहीही चालतं.’ मी त्याला परत पाठवलं आणि वर लिहिलंय तसं विचारून यायला सांगितलं.

आठ दिवसांनी तो फोटो घेऊन आला. कप्प्यात तीन हिरव्या, दोन डाळिंबी, एक मोहरी रंगाची. सर्वांत वर मोहरीची, काठ तीन बोटं, फॉल मळका. तळाला वीतभर काठाची एक हिरवी, फॉल न लावलेली. त्याच्या बायकोनं बहिणीच्या सहकारी बाईंशी बोलताना लग्नखरेदीचा विषय काढला, तर कळलं की बहिणीनं वांगी रंगाची, राणी काठाची पैठणी अंगावर लावून बघितली होती. परत का ठेवली, तर पदराच्या मागचे सुटे धागे बांगडीत अडकले आणि ती म्हणाली, ‘एकदा नेसली की फाटायची ही.’

या एका वाक्यावर निवड बदलली. ती यंत्रमागावरची असणार. तिथं पदराच्या मागच्या बाजूला सुटे धागे राहतात आणि बांगडी, अंगठी त्यात अडकते. हातमागावरच्या पैठणीत नक्षीतले धागे एकमेकांत गुंतवून विणतात, म्हणून पदर मागून-पुढून सारखाच दिसतो, अडकायला काही सुटत नाही. पण हातमागाची त्याच पैशात घ्यायची तर मोठा मोर आणि वीतभर काठ मिळत नाही. इथं तर बारीक काठच हवा होता. वांगी रंग, राणी काठ तीन बोटांचा, पदरावर लहान मोर, अंगावर बारीक बुट्ट्या, हातमागाची. त्यानं पदर उलटून मागची बाजू स्वतः बघितली आणि मगच पैसे दिले. पुढच्या संक्रांतीला ती बहीण स्वतः दुकानात आली, तीच नेसून. खांद्यावर पिनेची भोकं पडलेली होती, मी बघून घेतलं.

तुमच्याकडं दीड महिना आहे. तयार साडी घ्यायला तेवढा पुरतो. पैठण किंवा येवल्याच्या विणकराकडून हवा तो रंग विणून घ्यायचा असेल तर पुरेल याचा भरवसा नाही, भारी नक्षीला हातमागावर महिने लागतात. म्हणून दादाला फोन या आठवड्यातच करा. तुमच्या बायकोचं मैत्रिणीशी बोलणं त्यानंतर पाच-सहा दिवसांनी. दोन्ही एकाच दिवशी केलं की दोघांकडून वहिनीच्या कानावर साड्यांचाच विषय जातो आणि ती दोन अधिक दोन करते.

ब्लाउज शिवून देऊ नका, त्यासाठी कुणाकडं मापही मागू नका. जुनं ब्लाउज कपाटातून गायब झालेलं बायकांच्या लगेच लक्षात येतं. फॉल-पिकोही तिला भेट दिल्यानंतरच करा. बहुतेक दुकानं बदलून देतात ती फॉल न लावलेलीच, आणि बिलावर बदलायची मुदत किती दिवसांची आहे ते घेतानाच लिहून घ्या, कारण वहिनीचा वाढदिवस खरेदीनंतर तीन-चार आठवड्यांनी येतोय.