मार्चमध्ये वर्षाची वर्गणी आली, तर यंदाचं उत्पन्न किती?

प्रश्न: नाशिकला अंबडमध्ये आमची छोटी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. कारखान्यांना स्टोअर आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर देतो, वर्षाची वर्गणी आगाऊ घेतो: १२,००० अधिक जीएसटी. जानेवारीत १० ग्राहक आले, मार्चमध्ये ४०. बिलं ६ लाखांची झाली, पैसे बँकेत आले, जीएसटीही भरतोय. सीए म्हणतात यंदाचं उत्पन्न फक्त ५५,०००. हे कसं? आणि टॅलीत नोंद कशी करायची?

उत्तर:

ताई, तुमच्या सीएंचा आकडा बरोबर आहे. मार्चच्या ४० पैकी १५ जणांची सेवा १ एप्रिलला सुरू होणार आहे असं मी धरतो, कारण ५५,००० तेव्हाच जुळतात.

ग्राहकाने १२,००० दिले तेव्हा तुम्ही कमावलं काहीच नाही, उलट बारा महिने सॉफ्टवेअर चालू ठेवायची जबाबदारी अंगावर घेतली. म्हणून ती रक्कम ताळेबंदात देणं म्हणून उभी राहते. एक महिना सेवा दिली की त्यातले १,००० उत्पन्नात जातात. लेखामानक ९ सेवेच्या उत्पन्नाबद्दल हेच सांगतं, आणि कंपनी असल्यामुळे तुम्हाला रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवता येत नाही. आयकराचं गणितही इथे वेगळं निघत नाही. ठरावीक मुदतभर अखंड चालणाऱ्या सेवेचं उत्पन्न त्या मुदतीवर समान वाटायला तिथेही मुभा आहे.

आता ३१ मार्चला काय शिल्लक आहे ते बघू. जानेवारीच्या १० जणांचे तीन महिने झाले, नऊ राहिले, म्हणजे ९०,००० देणं. मार्चमध्ये सुरू झालेल्या २५ जणांचे प्रत्येकी अकरा महिने राहिले: २,७५,०००. एप्रिलच्या १५ जणांचं सगळंच बाकी: १,८०,०००. एकूण ५,४५,०००. सहा लाखांतून हे वजा करा, ५५,००० उरतात.

हा क्रम मी मुद्दाम असा घेतला. बहुतेक जण दर महिन्याला 'या महिन्याचं उत्पन्न किती' हे मोजत बसतात, आणि एखादा ग्राहक मध्येच वाढला, सुटला किंवा प्लॅन बदलला की चुकतात. त्याऐवजी महिनाअखेर फक्त एवढंच विचारा: आज कोणाची किती सेवा द्यायची राहिली आहे? ती बेरीज म्हणजे आगाऊ वर्गणीची शिल्लक. उत्पन्न आपोआप निघतं: सुरुवातीची शिल्लक, अधिक महिन्याची बिलं, वजा अखेरची शिल्लक. तुमच्या मार्चचं असं: १,००,००० अधिक ४,८०,००० वजा ५,४५,०००, म्हणजे ३५,०००. पडताळा लगेच मिळतो. मार्चमध्ये ३५ ग्राहक चालू होते आणि प्रत्येकी हजार. चालू ग्राहकांची संख्या आणि उत्पन्न यांचा असा मेळ बसत नसेल, तर यादीत कुठेतरी तारीख चुकलेली असते.

यादी एक्सेलमध्ये ठेवा. `B` मध्ये सेवा सुरू झाल्याची तारीख, `C` मध्ये संपण्याची, `D` मध्ये जीएसटी सोडून रक्कम, आणि `F1` मध्ये महिनाअखेरची तारीख. उरलेली रक्कम अशी निघेल:

```
=ROUND(D2*MAX(0,MIN(C2-B2+1,C2-$F$1))/(C2-B2+1),0)
```

हे सूत्र दिवसांवर चालतं, त्यामुळे मार्चचे १,०१९ आणि फेब्रुवारीचे ९२१ दिसतील. सरळ महिन्यांनी मोजलं तर हजार. दोन्ही चालतं, फक्त एक धरलं की तेच ठेवा. सेवा महिन्याच्या मध्यावर सुरू होत असेल तर मी दिवसच धरायला सांगेन, अर्ध्या महिन्यांचे वाद उरत नाहीत. `B` मध्ये बिलाची किंवा पैसे आल्याची तारीख मात्र कधीही घालू नका. एप्रिलच्या त्या १५ जणांचं उत्पन्न मार्चमध्ये घुसतं ते नेमकं तिथूनच.

टॅलीत बिल नेहमीच्या विक्री व्हाउचरनेच करा, म्हणजे जीएसटीचं विवरणपत्र बरोबर जाईल. एका ग्राहकाकडून येणे १४,१६०. विक्री १२,०००, सीजीएसटी आणि एसजीएसटी प्रत्येकी १,०८०. मग चालू देण्यांखाली 'आगाऊ मिळालेली वर्गणी' असं खातं उघडा आणि महिनाअखेर एकच जर्नल करा, यादीची बेरीज आणि त्या खात्याची शिल्लक यातल्या फरकाएवढं. मार्चमध्ये फरक ४,४५,००० आहे: विक्री नावे, आगाऊ वर्गणी जमा. एप्रिलमध्ये नवं बिल नसेल तर नोंद उलटी होईल, आगाऊ वर्गणी नावे आणि विक्री जमा ५०,०००.

जीएसटीला मात्र ही वाटणी लागू नाही. सेवेत बिल किंवा पैसे, जे आधी होईल त्या वेळी पूर्ण रकमेवर कर लागतो. म्हणून मार्चच्या बिलांचे ८६,४०० एकदमच भरायचे, सेवा वर्षभर द्यायची असली तरी. जीएसटीआर-१ मध्ये ६ लाख आणि नफा-तोटा पत्रकात ५५,००० दिसलं की घाबरू नका, फरक नेमका ५,४५,००० असला पाहिजे. दरवर्षी हा ताळमेळ कागदावर लिहून फाइलला लावा. विचारणा आली तर तोच पुढे करायचा.

एक सापळा सांगतो. काही जण नूतनीकरणाची बिलं महिनाभर आधीच काढून ठेवतात. ग्राहकाने पैसे दिलेले नाहीत, सेवाही सुरू नाही, तरी येणं आणि आगाऊ वर्गणी दोन्ही फुगतात. अशी बिलं ताळेबंदाच्या तारखेला दोन्ही बाजूंनी काढून दाखवावीत. त्याहून बरं म्हणजे आधी प्रोफॉर्मा पाठवावं, आणि बिल पैसे आले किंवा सेवा सुरू झाली की करावं.

ग्राहक मध्येच सोडून गेला तर? समजा मार्चचा एक ग्राहक जूनअखेर थांबला आणि तुमच्या करारात उरलेल्या महिन्यांचे पैसे परत द्यायचे आहेत. आठ महिन्यांचे ८,००० अधिक १,४४० जीएसटी, म्हणजे ९,४४० परत. क्रेडिट नोट काढा. त्यातले ८,००० आगाऊ वर्गणीतून जातात, उत्पन्नाला धक्का लागत नाही, कारण ते कधी उत्पन्नात गेलेच नव्हते. करारात परतावा नसेल तर सेवा बंद झाल्या दिवशी उरलेले ८,००० उत्पन्न होतात. पण नुसतं लॉगिन करत नाही म्हणून असं करू नका. मुदत चालू आहे तोवर तुमची जबाबदारी चालू आहे.

आणि दरमहा समान वाटणी सगळीकडे लावू नका. तुमचं सॉफ्टवेअर रोज सारखंच उपलब्ध असतं, म्हणून तुम्हाला ती बसते. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबागांना सल्ला देणारे कोणी वर्षाच्या फीमध्ये ठरावीक दहा भेटी देत असतील, तर ऑक्टोबर छाटणीपासून काढणीपर्यंतच बहुतेक भेटी होतात. तिथे झालेल्या भेटींच्या प्रमाणात उत्पन्न धरायचं. पावसाळ्यातल्या रिकाम्या महिन्याला त्यातलं काही येत नाही. तुम्ही पुढे वर्गणीत कारखान्यात येऊन स्टॉक मोजून द्यायच्या भेटी घातल्या, तर त्या भागाची रक्कम करारातच वेगळी लिहा आणि यादीत तिची स्वतंत्र ओळ ठेवा.