बर्फात जाणारी बाटली आणि कागदाचं लेबल

प्रश्न: लघुउद्योजकांच्या मेळाव्यात सुरुवातीचं भाषण करायचंय. सेवा देणाऱ्याला पहिल्याच मेसेजमध्ये आपला उद्देश सांगावा, हे त्यांना कसं पटवू?

व्याख्येने सुरुवात करू नका. दोन मेसेज मोठ्याने वाचून दाखवा. पहिला आमचाच घ्या: "क्रोमो पेपर स्टिकर, 3 बाय 4 इंच, 2000 नग. रेट काय?"

हा आमच्या भाऊजींनी कोल्हापूरच्या एका प्रेसला पाठवलेला. आमचं कुडाळला कोकम सरबताचं काम आहे, 200 मिलीच्या तयार बाटल्या. प्रेसवाल्याने जे मागितलं तेच, ठरल्या दिवशी दिलं. मे महिन्यात माल मालवणला गेला. तिथले स्टॉलवाले बाटल्या बर्फाच्या पेटीत ठेवतात. दुपारपर्यंत लेबलं फुगली, संध्याकाळी पेटीच्या तळाशी नुसता लगदा. लेबलाबरोबर बॅच नंबर आणि एक्स्पायरीही गेली, आणि तशी बाटली विकता येत नाही. सव्वातीनशे बाटल्या परत आल्या.

भाऊजी प्रेसवर भडकले. मी फोन केला तेव्हा प्रेसवाला एवढंच म्हणाला, "वहिनी, बाटली बर्फात जाणार हे कळलं असतं तर मी कागद दिलाच नसता."

क्रोमो वरून गुळगुळीत असला तरी कापलेल्या कडांनी पाणी ओढतो, आणि साधा गम ओलाव्यात सुटतो. इथे प्लॅस्टिक फिल्मचं लेबल आणि थंडीत धरणारा गम हवा होता. शिवाय ते कोरड्या बाटलीवर, गार करण्याआधी लावायचं आणि गम पक्का व्हायला एक दिवस द्यायचा. यातलं आम्हाला काहीही माहीत नव्हतं, तरी कागद मात्र आम्हीच ठरवून टाकला होता. मग जाणकार माणसाला बोलायला जागाच उरली नाही.

दुसरा मेसेज मी लिहिला, पुढच्या हंगामाला: "प्लॅस्टिकच्या बाटलीला लेबल हवंय. बाटली दिवसभर बर्फाच्या पाण्यात राहते, तरी तारीख वाचता आली पाहिजे. 2000 नग, 10 एप्रिलच्या आत. काय वापरावं?" प्रेसने आधी दहा नमुने पाठवले. एक दिवस बाटल्यांवर तसेच ठेवले, मग रात्रभर बर्फाच्या बादलीत. सकाळी नखाने कड उचलून पाहिली, निघाली नाही. तेव्हाच ऑर्डर दिली.

भाऊजींचं म्हणणं आजही तेच, की लेबलाचं काम काय ते सांगितलं की समोरचा भाव चढवतो. फिल्म कागदापेक्षा महाग पडली, हे खरं. पण परत आलेल्या बाटल्यांचा, भाड्याचा आणि तुटलेल्या दोन स्टॉलवाल्यांचा हिशेब त्यांनी एकदाही मांडला नाही. भाव चढवला असं वाटलं तर तेच काम सांगून दुसऱ्या प्रेसचा दर घ्यावा, लपवून काय मिळतं?

आणि हो, काम सांगायचं म्हणजे सरबताची कृती किंवा आपलं बजेट सांगायचं नाही. तीच ऑर्डर पुन्हा द्यायची असेल तर "मागच्यासारखंच" एवढं पुरतं. मात्र माल या वेळी डीप फ्रीजरमध्ये जाणार असेल, तर ते पहिल्याच ओळीत लिहा.