३० आणि ४ मिळून ३४ टक्के होतात का?

प्रश्न : कॉलेज रोडला क्रोकरीचं दुकान आहे. इटलीच्या डिस्ट्रिब्युटरच्या दरपत्रकात ३० टक्के ट्रेड डिस्काउंट, ४ टक्के रिबेट आणि वर्षाला ४०,००० युरोची व्हॉल्युम कमिटमेंट असं लिहिलंय. म्हणजे एकूण ३४ टक्के सूट ना?

उत्तर : नाही. ३० टक्के बिलातच वजा होऊन येतात. रिबेट मात्र वर्ष सरल्यावर मिळतो, तोही छापील दरावर नाही, सहसा बिलाच्या निव्वळ रकमेवर. कमिटमेंटही बहुधा त्याच निव्वळ रकमेत मोजतात, आणि इथेच दुकानदार फसतो. तुम्ही छापील दराने ५०,००० युरोचे ग्लास उचललेत तर बिल होईल ३५,००० चं. तुम्हाला वाटेल टप्पा गाठला, प्रत्यक्षात ५,००० कमी पडलेत.

समजा छापील ६०,००० चा माल घेतलात. बिलं ४२,००० ची, टप्पा पार. आता दरपत्रकातलं रिबेटचं वाक्य नीट वाचा. ‘ऑन ऑल पर्चेसेस’ असेल तर पूर्ण ४२,००० वर ४ टक्के, म्हणजे १,६८० युरो. ‘इन एक्सेस ऑफ’ असेल तर फक्त वरच्या २,००० वर, म्हणजे ८० युरो! शिवाय रिबेट बहुतेकदा क्रेडिट नोटने देतात. पैसे हातात पडत नाहीत, पुढच्या ऑर्डरमधून वळते होतात. एखादं बिल थकलेलं असेल तर रिबेट बाद, अशीही अट असते.

कमिटमेंट मला सगळ्यात जास्त खटकते. नुसतं टार्गेट चुकलं तर रिबेट बुडतो, एवढंच. कमिटमेंट चुकली तर काय, हे मागच्या पानावरच्या अटींत शोधा. ३० टक्के कमिटमेंटच्या भरवशावर दिलेले असतील आणि टप्पा न गाठल्यास २० टक्क्यांनीच हिशेब करू असं तिथे असेल, तर त्या ५०,००० च्या मालाचे ४०,००० होतात. तुम्ही ३५,००० भरलेत, उरलेल्या ५,००० चं बिल वर्षअखेरीस येईल. तोवर माल जुन्या भावाने विकूनही झालेला असतो.

त्यांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबर असेल तर दिवाळीनंतर, लग्नसराईसाठी दिलेली ऑर्डरही बघा. मोजणी ऑर्डरच्या तारखेची की बिलाच्या? माल जानेवारीत निघाला तर ती पुढच्या वर्षात जाईल.

आणखी एक, इथल्या खर्चाचं. कस्टम ड्युटी साधारणपणे बिलातली सूट वजा करून उरलेल्या किमतीवर लागते. रिबेट नंतर येतो, म्हणून त्यापोटी भरलेली ड्युटी परत मिळेल असं धरून चालू नका. विक्रीचा भाव रिबेट सोडूनच काढा.

मी तुमच्या जागी असतो तर ४ टक्के रिबेट सोडून २ टक्के जादा डिस्काउंट बिलातच मागितला असता, आणि कमिटमेंटच्या जागी ‘टार्गेट’ लिहून घेतलं असतं. पहिल्या वर्षी नवा दुकानदार हवा असतो तेव्हा ते ऐकतात. ऐकलं नाही तर टप्पा निव्वळ रकमेत की छापील दराने, रिबेट कुठल्या रकमेवर, आणि कमी पडल्यास नेमकं काय, एवढं मेलवर विचारून लेखी उत्तर आल्याशिवाय सही करू नका.