महिन्याचा पगार आपणच ठरवायचा

प्रिय मुली,

परवा तू म्हणालीस, "काका, मे महिन्यात पंच्याण्णव हजार हातात आले, मग ऑगस्टचं भाडं क्रेडिट कार्डातून का गेलं?" हा प्रश्न मनातून जाईना, म्हणून लिहितो आहे. तू उधळी नाहीस हे मला ठाऊक आहे. चूक इतकीच, की आलेले पैसे म्हणजे कमाई असं तू धरतेस.

तुझी वही मी नीट पाहिली. सहायक, अल्बम, गाडीभाडं वजा जाता जून ते ऑक्टोबर तुला मिळाले चौसष्ट हजार. नोव्हेंबर ते मे मिळून चार लाख बारा हजार. लग्नाच्या फोटोग्राफीत हे असंच चालणार. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, तुळशीचं लग्न लागलं की कामं सुरू होतात. वर्षाचे चार लाख शहात्तर हजार, म्हणजे सरासरी महिना साधारण चाळीस हजार. आणि तू खर्चही चाळीसचाच आखलास. इथेच माझं तुझ्याशी पटत नाही.

सरासरीवर जगायचं नाही. पगार त्याखाली ठरवायचा.

बत्तीस हजार धर. जूनपासून पाच महिन्यांत खर्च होईल एक लाख साठ हजार आणि येतील चौसष्ट, म्हणजे शहाण्णव हजारांचा खड्डा. तुझी गंगाजळी या खड्ड्याएवढी हवी. "सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा" हा सल्ला नोकरदारांसाठी ठीक आहे. आपण आपला सगळ्यात खोल खड्डा मोजायचा आणि पैसे उशिरा देणाऱ्यांसाठी आणखी एक पगार त्यावर ठेवायचा. झाले एक लाख अठ्ठावीस हजार. नोव्हेंबर ते मे बत्तीसच घेतलेस तर हंगामाअखेर एक लाख अठ्ठ्याऐंशी हजार साठतात, म्हणजे जागा आहे.

चाळीस घेतलेस तर साठतात एक लाख बत्तीस आणि खड्डा होतो एक लाख छत्तीसचा. चांगल्या वर्षीसुद्धा चार हजार कमी. आता अधिक महिना आठव. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठ 17 मे ते 15 जून. त्यात लग्नं होत नाहीत, म्हणजे अर्धा मे गेला. समज, मेचे पन्नास हजार बुडाले. बत्तीसवाल्याकडे तरी एक लाख अडतीस उरतात, चाळीसवाला गणपतीच्या आधीच उधार मागायला निघतो.

खाती तीन ठेव. पहिलं जमा खातं, वेगळ्या बँकेत. ते यूपीआयला जोडायचं नाही, त्याचं कार्ड पाकिटात ठेवायचं नाही. गिऱ्हाइकाचा प्रत्येक रुपया तिथेच येईल. दुसरं घरखातं. एक तारखेला जमा खात्यातून बत्तीस हजार आपोआप तिकडे जावेत, अशी बँकेला कायमची सूचना देऊन ठेव. मेमध्येही बत्तीस, जुलैमध्येही बत्तीस.

घरखात्याचा हिशेब लांबलचक नको. कळव्याच्या खोलीचं भाडं तेरा हजार, गावाला आईला पाच, वीज-मोबाईल-इंटरनेट दोन. हे वीस पाच तारखेच्या आत गेले पाहिजेत. उरले बारा. दर सोमवारी अडीच हजार तिसऱ्या, यूपीआयच्या खात्यात टाकायचे, त्यात किराणा, रिक्षा, लोकल, चहा सगळं. महिन्याचे जादा दिवस आणि औषधपाण्याला दोन हजार शिल्लक. गुरुवारीच सोमवारचे पैसे संपले तर रविवारपर्यंत कळ काढ, जमा खात्याला हात लावू नकोस. सलग तीन महिने असंच झालं, तर पगार नव्हे, खर्च तपास.

एक गोष्ट तू अजिबात धरली नाहीस. ऑगस्टमध्ये डिसेंबरच्या लग्नाचा बयाणा आला की तो तुला कमाई वाटतो. लग्न मोडलं किंवा तारीख बदलली तर तो परत द्यावा लागू शकतो. जमा खात्यात राहू दे, पण वहीत वेगळ्या रकान्यात लिही आणि काम होईपर्यंत गंगाजळीत मोजू नकोस.

आत्ता सप्टेंबर आहे, गंगाजळी शून्य आहे आणि कार्डाची बाकी आहे. म्हणून नोव्हेंबर-डिसेंबरच्या पैशांतून आधी कार्ड पूर्ण फेड. त्यावर महिना तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, इतकं कुठलीच बचत देत नाही. मग गंगाजळी. तोवर पगार अठ्ठावीसच घे. आईला हे वर्ष कमी जाईल, तिला स्पष्ट सांग.

नव्या लेन्सचा हप्ता काढायचं तू बोललीस. मी नौपाड्यातल्या माझ्या दुकानात हप्त्यावर काहीही आणलं नाही. लोक मला कंजूष म्हणतात, घरातूनही ऐकलं आहे, आणि त्या बोलण्याचं वाईट वाटतं. तरी आजही तेच करीन. मंदीच्या श्रावणात मला कुणापुढे दर पाडून काम मागावं लागलं नाही, ते याच हट्टामुळे. दर पाडणं एकदा सुरू झालं की गिऱ्हाईक तोच दर धरून बसतं.

लेन्स लागेल त्या दिवशी भाड्याने आण आणि ते भाडं कोटेशनमध्ये लाव. एक लाख अठ्ठावीस पुरे झाल्यावर वर जे राहील त्यातूनच विकत घे, त्याआधी नाही. रविवारी वही घेऊन दुकानात ये, बयाण्याचा रकाना आपण दोघं मिळून भरू.

तुझा,
काका