ओआरएसच्या प्रोजेक्टला टी-टेस्ट की काय-स्क्वेअर?

प्रश्न: आम्ही बी.एस्सी. नर्सिंगच्या पाच जणींनी नागपुरातल्या एका वस्तीत ४० मातांना ओआरएसबद्दल शिकवलं. शिकवण्याआधी आणि सात दिवसांनी २० गुणांची तीच प्रश्नावली भरून घेतली. गाईड मॅडम म्हणतात टी-टेस्ट लावा, सीनियर म्हणतात काय-स्क्वेअर. नक्की कोणती लावायची?

उत्तर:

दोघींचंही बरोबर असू शकतं, कारण त्या बहुधा तुमच्या दोन वेगवेगळ्या ऑब्जेक्टिव्हबद्दल बोलत आहेत. शिकवल्याने ज्ञान वाढलं का, याला टी-टेस्ट. मातेचं शिक्षण, वय, मुलांची संख्या यांचा ज्ञानाशी संबंध आहे का, याला काय-स्क्वेअर. मी नागपुरातच नर्सिंगच्या मुलींना बायोस्टॅटिस्टिक्स शिकवते आणि दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर हाच गोंधळ माझ्या टेबलावर येतो.

मास्टर शीट उघडा आणि एकाच मातेच्या ओळीवर बोट ठेवा. तिच्यासमोर जे लिहिलंय त्याची सरासरी काढली तर काही अर्थ निघतो का? ‘प्री-टेस्ट ९, पोस्ट-टेस्ट १४’ याची सरासरी निघते. ‘शिक्षण: दहावीपर्यंत’ किंवा ‘ज्ञान: अपुरं’ याची निघत नाही, अशा माता किती एवढंच मोजता येतं. सरासऱ्यांची तुलना टी-टेस्ट करते, मोजलेल्या डोक्यांची काय-स्क्वेअर.

तुमचे आकडे माझ्यासमोर नाहीत, म्हणून मी समजुतीसाठी काही धरते. प्री-टेस्टचा मीन ९.२, पोस्ट-टेस्टचा १३.६. माता त्याच आहेत, म्हणून इथे पेअर्ड टी-टेस्ट लागते. ती दोन स्वतंत्र रकाने बघतच नाही. ती प्रत्येक मातेचे गुण किती वाढले, त्या फरकांचा एकच रकाना बघते. फरकांचा मीन ४.४ आला आणि त्याच फरकांचं स्टँडर्ड डेव्हिएशन ३.२ धरलं, तर ३.२ ला ४० च्या वर्गमुळाने भागून ०.५०६ मिळतात. ४.४ भागिले ०.५०६ म्हणजे टी साधारण ८.७. डिग्री ऑफ फ्रीडम ३९, टेबलमधली किंमत २.०२. फरक स्पष्टपणे सिग्निफिकंट आहे. एक्सेलमध्ये प्री-टेस्ट B रकान्यात आणि पोस्ट-टेस्ट C मध्ये असेल तर पी-व्हॅल्यू अशी मिळते:

```
=T.TEST(B2:B41,C2:C41,2,1)
```

शेवटचा 1 म्हणजे पेअर्ड. तिथे चुकून 2 टाकलात तर एक्सेल तक्रार करणार नाही, पण तुमच्या ४० मातांना ८० वेगळ्या बायका समजून उत्तर देईल. ओळखायची खूण अशी, की रिपोर्टमध्ये डिग्री ऑफ फ्रीडम ३९ ऐवजी ७८ दिसली तर अनपेअर्ड टेस्ट लागली आहे.

पेअर्ड टेस्टला मातेची दोन्ही वेळची उत्तरपत्रिका एकमेकींना जोडलेली लागते. माझ्या स्वतःच्या शिक्षणाच्या वेळी आमच्या गटाने पोस्ट-टेस्टच्या कागदांवर कोड नंबरच टाकले नव्हते. कागद होते, पण कोणता कोणाचा ते कळायला मार्ग नव्हता, आणि पुन्हा घरोघरी जायला दिवस उरले नव्हते. ते अजून आठवतं. म्हणून आकडे भरण्याआधी तुमचे कोड जुळतात का ते आजच बघा. एखादी माता पोस्ट-टेस्टला भेटली नसेल तर तिची प्री-टेस्टही या हिशेबातून काढा आणि रिपोर्टमध्ये तसं लिहा.

सीनियर कदाचित असंही सांगतील, की ‘अपुरं, मध्यम, पुरेसं’ असे गट पाडून प्री आणि पोस्टवरच काय-स्क्वेअर लावा. तसं करू नका. काय-स्क्वेअरला प्रत्येक माता टेबलात एकदाच यायला हवी, आणि इथे ती दोनदा येते. शिवाय ९ वरून १३ झालेली माता दोन्ही वेळा ‘मध्यम’मध्येच राहिली, तर तिची सुधारणा हिशेबातून गायब होते.

काय-स्क्वेअरची खरी जागा दुसऱ्या ऑब्जेक्टिव्हमध्ये आहे, आणि ४० मातांच्या प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. समजा शिक्षणाचे चार गट आहेत: प्राथमिक ८, माध्यमिक १४, बारावी १२, पदवी ६. प्री-टेस्टच्या ज्ञानाचे तीन: अपुरं २२, मध्यम १४, पुरेसं ४. म्हणजे बारा खाने. आता पदवीधर आणि ‘पुरेसं’ या खान्यात संबंध नसताना किती माता अपेक्षित आहेत? ६ गुणिले ४ भागिले ४०, म्हणजे ०.६. एक अख्खी माताही नाही. बाकीचे खाने असेच काढले तर बारापैकी दहांमध्ये अपेक्षित संख्या ५ च्या खाली जाते. एसपीएसएसमध्ये टेबलाखाली बारीक अक्षरात ही ओळ येते:

```
10 cells (83.3%) have expected count less than 5. The minimum expected count is .60.
```

विद्यार्थिनी वरची पी-व्हॅल्यू उतरवून घेतात आणि ही ओळ सोडून देतात. नेहमीचा नियम असा, की ५ पेक्षा कमी अपेक्षित संख्येचे खाने २० टक्क्यांहून जास्त नकोत आणि १ च्या खाली एकही नको. इथे दोन्ही अटी मोडल्या आहेत, तेव्हा ती पी-व्हॅल्यू वापरता येत नाही.

उपाय म्हणजे अर्थ लागेल असे गट एकत्र करणं. दहावीपर्यंत २२ आणि त्यापुढे १८. ज्ञान अपुरं २२ आणि मध्यम किंवा पुरेसं १८. समजा दहावीपर्यंतच्या २२ पैकी १६ जणींचं ज्ञान अपुरं आहे, आणि पुढे शिकलेल्या १८ पैकी ६ जणींचं. चारही खान्यांत अपेक्षित संख्या ८ च्या वर येतात, काय-स्क्वेअर ६.२ येतं, डिग्री ऑफ फ्रीडम १, टेबलमधली किंमत ३.८४. संबंध सिग्निफिकंट आहे असं लिहिता येतं. गट जोडूनही एखाद्या खान्यात अपेक्षित संख्या ५ च्या खाली राहिली, तर त्या दोन-बाय-दोन टेबलाला फिशर्स एक्झॅक्ट टेस्ट लावा. गट कसे जोडायचे ते मात्र पी-व्हॅल्यू बघायच्या आधी ठरवा. वेगवेगळ्या जोड्या करून ज्यात सिग्निफिकंट येईल ती ठेवणं म्हणजे निकाल बनवणं झालं.

या टेबलात टक्के कधीच भरू नका, माता मोजून भरा. ४० मातांचे टक्के भरले की सॉफ्टवेअर त्यांना १०० माता समजतं आणि काय-स्क्वेअर अडीच पट फुगतं. खरी किंमत २ असेल तर ५ दिसेल, आणि ३.८४ ओलांडल्यामुळे नसलेला संबंध तुमच्या प्रबंधात छापला जाईल.

आता गाईड मॅडमकडे जाताना ऑब्जेक्टिव्हचं पान सोबत न्या आणि प्रत्येक ऑब्जेक्टिव्हसमोर टेस्टचं नाव त्यांच्यासमोरच लिहून घ्या. फरकांच्या रकान्यात दोन-चार मातांचे आकडे बाकीच्यांपेक्षा फारच वेगळे दिसत असतील तर तेही त्यांना दाखवा. तशा वेळी पेअर्ड टी-टेस्टऐवजी विल्कॉक्सन साइन्ड रँक टेस्ट घ्यावी लागते.